‘सुधारणा अपेक्षित आहे’ एवढ्याने भागत नाही

विक्री कमी पडणाऱ्या माणसाच्या हाती कंपन्या जे पत्र देतात, त्याला कार्यालयात सगळे ‘पीआयपी’ म्हणतात. म्हणजे परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, कामगिरी सुधारण्याची योजना. अशा पत्रांत पुन्हा पुन्हा भेटणारं वाक्य असं असतं: ‘गेल्या काही महिन्यांतील आपली कामगिरी समाधानकारक नाही. आपण दोन महिन्यांत टार्गेट पूर्ण करावे, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल.’ पत्र घेणाऱ्याला यातून धमकी तेवढी समजते. उद्या सकाळी बाजारात जाऊन काल करत होतो त्यापेक्षा वेगळं काय करायचं, हे समजत नाही. सुधारायचं काय हेच न सांगणारं पत्र सुधारणेची योजना कसं म्हणवून घेईल?

एक कल्पित पण रोज घडणारं उदाहरण घेऊ. मसाले-लोणची विकणाऱ्या कंपनीचा एक सेल्स एक्झिक्युटिव्ह सांगली-तासगाव भागात काम करतो. त्याच्याकडे साधारण दोनशे किराणा दुकानं आहेत. त्यांचे सहा बीट पाडलेले आहेत, म्हणजे प्रत्येक दुकानात आठवड्यातून एक फेरी. दुकानदाराची ऑर्डर तो घेतो, माल डिस्ट्रिब्युटर पोहोचवतो. महिन्याचं टार्गेट ६ लाखांचं. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलमध्ये दुकानांपर्यंत गेलेला माल सरासरी ४ लाखांचा. ‘दोन लाख कमी पडतात’ एवढं सांगून बहुतेक पत्रं इथंच थांबतात. पत्र लिहिण्याचं खरं काम इथून सुरू होतं.

ऑर्डर ॲपवरची नोंद उघडली की दिसतं, तो दिवसाला ३४ दुकानं करतो. फेऱ्यांत खोट नाही. पण त्यातल्या १२ दुकानांतच बिल फाटतं. बाजारात अशा भेटीला ‘प्रॉडक्टिव्ह कॉल’ म्हणतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३०० बिलं, आणि ४ लाखांना ३०० ने भागलं तर एका बिलाची सरासरी सुमारे १,३३३ रुपये. बिलाची रक्कम तीच ठेवून दिवसाला १८ बिलं झाली, तर महिन्याची ४५० बिलं होतात आणि विक्री बरोबर ६ लाखांवर जाते. दोन लाखांचा डोंगर अचानक दिवसाला सहा जादा दुकानदारांच्या होकारापर्यंत उतरतो. हे काम माणसाच्या आवाक्यातलं आहे, आणि पत्रात हाच आकडा यायला हवा.

मात्र त्याआधी मॅनेजरनं दोन दिवस त्याच्याबरोबर बीटवर फिरलं पाहिजे. ॲप काय घडतं ते सांगतं, का घडतं ते दुकानाच्या काउंटरवरच कळतं. आपल्या उदाहरणात तिथं दोन गोष्टी दिसल्या असं समजू. एक, हा माणूस दुकानात शिरून ‘काही पाहिजे का?’ विचारतो, ‘नको’ ऐकतो आणि बाहेर पडतो. फळीवर कोणती पाकिटं संपली आहेत, मागच्या वेळी काय घेतलं होतं, हे तो पाहत नाही. दोन, बऱ्याच दुकानदारांनी फुटलेल्या आणि मुदत संपलेल्या मालाची तक्रार केली. त्यांचे क्लेम कंपनीकडे अडकलेत, त्यामुळे ते नवा माल घेत नाहीत. शिवाय तासगावच्या डिस्ट्रिब्युटरकडे दहा रुपयांची पाकिटं वरचेवर संपलेली असतात. पहिली गोष्ट त्या माणसाची, बाकीच्या कंपनीच्या. योजना प्रामाणिक असेल तर दोन्ही बाजू एकाच कागदावर येतात.

आता वाक्यांकडे वळू. पहिला परिच्छेद वस्तुस्थितीचा. ‘आपला कामाकडे पाहण्याचा दृष्टिकोन उदासीन आहे’ असं लिहिलं की वाद माणसाच्या स्वभावावर जातो, आणि स्वभाव मोजता येत नाही. त्याऐवजी लिहावं: ‘फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आपण दररोज सरासरी ३४ दुकानांना भेट दिली. त्यांपैकी सरासरी १२ दुकानांतून ऑर्डर मिळाली. याच काळात आपल्या विभागातील इतर सहकाऱ्यांची सरासरी २० होती. १४ आणि १५ मे रोजीच्या संयुक्त फेरीत, बहुतेक दुकानांत मालाची फळी न तपासता ऑर्डर विचारली गेल्याचे आढळले.’ यातलं प्रत्येक वाक्य तपासता येतं आणि एकही अपमान करत नाही. भेटी पूर्ण होतात हेही त्यात आहे. चांगलं आहे ते लिहिल्यामुळे पत्राचा कणखरपणा कमी होत नाही, उलट बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो.

मग उद्दिष्ट: ‘१ जून ते ३१ जुलै या काळात ऑर्डर देणाऱ्या दुकानांची दैनंदिन सरासरी १२ वरून १८ पर्यंत नेणे. ३० जूनला संपणाऱ्या दोन आठवड्यांची सरासरी किमान १५ आणि ३१ जुलैला संपणाऱ्या दोन आठवड्यांची सरासरी किमान १८ असावी.’ दुसरं उद्दिष्ट छोटं, पण पूर्णपणे त्याच्या हातातलं: ‘दर शनिवारी दुपारी ४ पर्यंत तासगाव डिस्ट्रिब्युटरच्या शिल्लक मालाची यादी मॅनेजरकडे पाठवणे.’ दोनच. आठ-दहा उद्दिष्टांची पत्रं मी पाहिली आहेत. ती वाचणाऱ्याला कशात पास व्हायचं तेच कळत नाही, आणि लिहिणाऱ्याला कशात तरी नापास करण्याची सोय होते.

इथं विक्रीच्या धंद्यातला एक धोका नीट समजून घ्यायला हवा. कंपनीनं डिस्ट्रिब्युटरला विकलेला माल म्हणजे प्रायमरी विक्री, आणि डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेलेला माल म्हणजे सेकंडरी. पत्रात नुसतं ‘६ लाखांची विक्री’ लिहिलं तर नोकरी टिकवण्यासाठी घाबरलेला माणूस महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात माल कोंबतो. कागदावर टार्गेट पूर्ण होतं. पुढच्या महिन्यात माल परत येतो, उधारी थकते, डिस्ट्रिब्युटर दुखावतो. मार्चअखेर हा प्रकार सगळ्यांत जास्त होतो, म्हणून मार्च-एप्रिलची तुलना प्रायमरीच्या आकड्यांवर कधीच करू नये. पत्रात स्पष्ट लिहावं: ‘या योजनेतील मोजमाप फक्त दुकानांपर्यंत पोहोचलेल्या मालावर आणि ॲपवर नोंदलेल्या ऑर्डरवर होईल. डिस्ट्रिब्युटरकडे मालाचा बारा दिवसांहून अधिक साठा झाल्यास त्या महिन्याचा आकडा ग्राह्य धरला जाणार नाही.’ खोट्या ऑर्डरींची शंका असेल तर दर आठवड्याला पाच दुकानांना मॅनेजरनं फोन करावा. असे फोन होणार आहेत हेही पत्रातच सांगावं. लपून तपासणी केली की उरलासुरला विश्वास संपतो.

मुदतीचं गणित मालावर ठरतं. किराणा दुकानात दर आठवड्याला फेरी असते, त्यामुळे साठ दिवसांत एकाच दुकानात आठ वेळा जाता येतं. सवय बदलली की नाही हे चौथ्या आठवड्यात दिसतंच. पण तोच माणूस कारखान्यांना यंत्रं विकत असेल आणि एका ऑर्डरला सहा महिने लागत असतील, तर साठ दिवसांत विक्रीचा आकडा मागणं अन्यायाचं आहे. तिथं किती ग्राहकांना प्रत्यक्ष भेटून कोटेशन दिलं आणि किती जणांकडे पाठपुरावा झाला, हे मोजावं. दिवाळीच्या तोंडावर योजना सुरू केली तर हंगामच माणसाला पास करतो, आणि दिवाळी उलटल्यावर सुरू केली तर हंगामच त्याला नापास करतो. अशा वेळी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करावी.

मदतीचा भाग बहुतेक पत्रांत सगळ्यांत दुबळा असतो. ‘आवश्यक ते सहकार्य केले जाईल’ हे वाक्य कुणालाही बांधून घेत नाही. मदतीलाही नाव आणि तारीख हवी. ‘एरिया मॅनेजर दर बुधवारी पूर्ण दिवस आपल्यासोबत बीटवर असतील. दुकानात शिरल्यावर फळी पाहणे, मागील बिल उघडणे आणि संपलेला माल नावाने सुचवणे, हा क्रम ते पहिल्या दोन बुधवारी स्वतः करून दाखवतील. १५ मेपर्यंतचे खराब मालाचे सर्व क्लेम १० जूनपर्यंत निकाली काढण्याची जबाबदारी कमर्शियल विभागाची आहे. तासगावला दहा रुपयांच्या पाकिटांचा किमान दहा दिवसांचा साठा ठेवण्याची जबाबदारी एरिया मॅनेजरची आहे.’ आणि त्याखाली सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य: ‘वरीलपैकी कोणत्याही बाबीस उशीर झाल्यास योजनेची मुदत तितक्याच दिवसांनी वाढेल.’ हे वाक्य लिहायला कंपन्या कचरतात. ते नसेल तर मदतीच्या परिच्छेदाला काही अर्थ राहत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दर सोमवारी अर्ध्या तासाची बैठक ठेवावी. त्यात काय ठरलं याची चार ओळींची नोंद दोघांच्या सहीनं व्हावी. शेवटी निकाल काय होऊ शकतो, ते न फिरवता लिहावं: ‘उद्दिष्ट पूर्ण झाल्यास योजना बंद केल्याचे लेखी कळवले जाईल. स्पष्ट प्रगती असूनही उद्दिष्ट थोडे अपुरे राहिल्यास तीस दिवसांची मुदतवाढ देता येईल. पुरेशी प्रगती न झाल्यास कंपनी पुढील निर्णय घेईल, त्यात नेमणुकीच्या अटींनुसार सेवा समाप्तीचाही समावेश असू शकतो.’ ‘योग्य ती कारवाई’ म्हणजे काय, याचा अंदाज बांधत माणूस रात्र रात्र जागतो. त्याला सरळ सांगणंच बरं. सहीच्या जागी ‘पत्र मिळाले, वाचले’ असं लिहावं, ‘मान्य आहे’ असं लिहून घेऊ नये. सहीच्या वर त्याला स्वतःचं म्हणणं मांडायला जागा ठेवावी. दुकानांत आणि डिस्ट्रिब्युटरकडे ज्याचं सगळं बोलणं मराठीत चालतं, त्याला नोकरीचं भवितव्य ठरवणारं पत्र फक्त इंग्रजीत देऊ नये.

खोटी बिलं, पैशांची अफरातफर, न सांगता गैरहजेरी हे विषय या पत्रात आणू नयेत. ती गैरवर्तणूक आहे. तिला आरोपपत्र आणि चौकशीची वेगळी वाट आहे. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढे कायद्यासमोर दोन्ही लंगडे पडतात. औषध कंपन्यांनी तर जास्तच जपून असावं. वैद्यकीय प्रतिनिधींसारख्या विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांना १९७६ च्या स्वतंत्र कायद्यानं संरक्षण दिलं, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येतही त्यांचा समावेश आहे. पत्र पाठवण्यापूर्वी कामगार कायद्याच्या जाणकाराला दाखवावं.

आणि माणसाला काढायचं आधीच ठरलं असेल, तर ही योजना लिहूच नये. नोटिशीचा पगार आणि देणी चुकती करून त्याला मोकळं करावं. तुम्ही मॅनेजर असाल आणि पत्राचा मसुदा आज टेबलावर असेल, तर सहीपूर्वी त्यातल्या कंपनीच्या जबाबदाऱ्या मोजा. एकही तारखेनिशी लिहिलेली नसेल, तर ते पत्र अजून देण्यासारखं झालेलं नाही.