कानांनी मोजा त्वरण

घराच्या वायरिंगमधून उरलेली 2 मीटरची केसिंग-पट्टी, एक गोटी आणि थोडा शिवणाचा दोरा. पट्टीचं एक टोक 10 सेंटीमीटर उंच ठेवा. वरच्या टोकाशी आरंभरेषा आखा आणि तिथून 12, 48, 108 आणि 192 सेंटीमीटरवर पट्टीभोवती दोरा घट्ट बांधा. आता गोटी सोडा. अंतरं वाढत जातात, तरी ‘टक्’ आवाज मात्र तालात येतात, साधारण पाऊण-एक सेकंदाला एक. कारण वेग सारखा वाढत असला, तर अंतर काळाच्या वर्गाच्या पटीत वाढतं : 1, 4, 9, 16. दोरे सरळ 48-48 सेंटीमीटरवर बांधून पाहा, म्हणजे आवाज जवळजवळ येत जातील.

गॅलिलिओने असाच उतार वापरला आणि वेळ मोजायला भांड्यातून गळणारं पाणी तोललं. हा प्रयोग सांगणारं त्याचं पुस्तक 1638चं. घड्याळापेक्षा इथे कान बरे. स्टॉपवॉच दाबायला बोटाला उशीर होतो.

पहिला ठोका लवकर आला, तर गोटीला धक्का लागलाय. ती बोटाने न सोडता फूटपट्टीने अडवा आणि फूटपट्टी उताराच्या दिशेने झटकन काढा. शेवटचे ठोके रेंगाळले, तर पट्टी मधे वाकली असेल. खाली वह्या सरकवा. जाड दोराही गोटीला अडवतो.

यावरून गुरुत्वत्वरण काढायला मात्र जाऊ नका. गोटी घसरत नाही, गडगडते. फिरण्यातही ऊर्जा जात असल्याने उत्तर सुमारे 30 टक्के कमी येतं.