कॉल तुटला, पण रुपया का मिळाला नाही?

बोलता बोलता फोन मध्येच बंद पडला, की ग्राहकाच्या खात्यात एक रुपया जमा व्हायचा. दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ऑक्टोबर 2015मध्ये केलेला हा नियम 1 जानेवारी 2016पासून लागू होणार होता. कॉल ड्रॉपने वैतागलेल्या कोट्यवधी ग्राहकांना तो आवडला यात नवल नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. मात्र 11 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

हा नियम संसदेने केलेला नव्हता. कायदा संसद किंवा विधिमंडळ करतं, पण बारीकसारीक तपशील ठरवायला त्यांच्याकडे वेळही नसतो आणि तांत्रिक माहितीही. म्हणून कायद्यातच एखादं कलम घालून सरकारला, मंडळाला किंवा नियामकाला नियम करण्याचा अधिकार दिला जातो. याला प्रत्यायोजित विधान म्हणतात. राजपत्रातली अशी अधिसूचना बहुधा ‘अमुक अधिनियमाच्या तमुक कलमाने दिलेल्या अधिकारांचा वापर करून’ अशीच सुरू होते. नियमाचा सगळा जोर त्या कलमातून येतो आणि नियमाला आव्हान द्यायचं झालं तर वकीलही आधी तेच कलम उघडतो.

या अधिकाराला दोन बाजूंनी कुंपण आहे. मूळ धोरण कायदेमंडळानेच ठरवायला हवं, ते दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1951मध्ये दिल्ली कायद्यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. दुसरीकडे, नियम करणाऱ्याला मूळ कायद्याच्या बाहेर जाता येत नाही. शिवाय नियम राज्यघटनेशी विसंगत असून चालत नाही आणि उघडउघड मनमानीचाही असू शकत नाही.

‘ट्राय’चा नियम नेमका इथेच अडला. 1997च्या ‘ट्राय’ कायद्याचं कलम 36 विनियम करण्याचा अधिकार देतं, मात्र ते कायद्याशी सुसंगत असले पाहिजेत, अशी अट घालूनच. सेवेच्या दर्जाचं माप ‘ट्राय’नेच 2009मध्ये ठरवलं होतं: महिन्याच्या सरासरीत 2 टक्क्यांपर्यंत कॉल तुटले तरी कंपनी निकषात बसत होती. नव्या नियमाने मात्र तेवढे कॉल तुटणाऱ्या, म्हणजे निकष पाळणाऱ्या कंपनीलाही दर तुटलेल्या कॉलमागे भरपाई द्यायला लावलं. त्यात ‘ट्राय’च्याच नोव्हेंबर 2015च्या तांत्रिक टिपणात नोंद होती, की तुटणाऱ्या कॉलपैकी सरासरी 36.9 टक्के ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनी तुटतात. कोणाची चूक हे न पाहता सगळा भार कंपनीवर टाकणं न्यायमूर्ती कुरियन जोसेफ आणि रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाला मनमानीचं वाटलं. कायद्याने ‘ट्राय’वर घातलेलं पारदर्शकतेचं बंधनही पाळलं गेलं नव्हतं, असं त्यांनी म्हटलं. ग्राहकाचं हित साधण्याचा हेतू चांगला होता, पण तेवढ्याने नियम तरला नाही.

याची उलट बाजू महाराष्ट्रातल्या एका जुन्या प्रकरणात दिसते. राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या 1977च्या विनियमांनुसार विद्यार्थ्याला गुणपडताळणी मागता येत होती, म्हणजे सगळी उत्तरं तपासली का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढंच. उत्तरपत्रिका पाहायला मिळत नव्हती आणि पुनर्मूल्यांकनाचीही सोय नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै 1984मध्ये जिंकलं.

विद्यार्थ्यांच्या बाजूने सहानुभूती भरपूर होती. न्यायालयाने मात्र वेगळेच प्रश्न विचारले: 1965च्या कायद्याने मंडळाला परीक्षांबाबत विनियम करण्याचा अधिकार दिला आहे का? आणि हा विनियम त्या कायद्याच्या हेतूशी जोडलेला आहे का? दोन्हींचं उत्तर होकारार्थी निघालं. लाखो उत्तरपत्रिका पुन्हा तपासत बसलं तर निकाल अंतिम कधी होणार, हा मंडळाचा विचार चूक असेल किंवा बरोबर, तो करण्याचं काम मंडळाचं. त्याहून चांगलं धोरण सुचतं म्हणून न्यायालयाने नियम खोडायचा नसतो. पुढे मंडळाच्या नियमांतच बदल झाला आणि आता छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन दोन्ही मागता येतं.

संसदेचाही या नियमांवर पहारा असतो. ‘ट्राय’चे विनियम दोन्ही सभागृहांपुढे एकूण 30 दिवस ठेवावे लागतात आणि सभागृहं ते बदलू किंवा रद्द करू शकतात. पण हे सगळं नियम निघाल्यानंतरचं. त्याची झळ ज्यांना बसणार त्यांचं म्हणणं आधीच ऐकायचं, तर प्रत्येक कायद्यात तशी तरतूद असतेच असं नाही. म्हणूनच कॉल ड्रॉपच्या निकालाच्या शेवटी न्यायालयाने अमेरिकेतल्या कायद्याकडे बोट दाखवलं. तिथे नियमाचा मसुदा आधी जाहीर करून हरकती मागवाव्या लागतात. असा सर्वसाधारण कायदा संसदेनेही करावा, असं न्यायालयाने सुचवलं होतं.