घरातली उष्णता – भाग ७ : चटका न बसता भाजतं तेव्हा

मागच्या भागात उकळत्या पाण्याने क्षणात भाजतं ते पाहिलं. शेकाच्या पिशवीने भाजायला मात्र तास लागतात आणि चटका जाणवतोच असं नाही.

१९४७ साली अमेरिकेत मोरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी डुकरांच्या आणि स्वयंसेवकांच्या त्वचेवर प्रयोग करून याचा हिशेब मांडला. त्वचा ४४ अंश सेल्सिअसला राहिली तर ती भाजायला सुमारे सहा तास लागतात. पुढे ५१ अंशांपर्यंत दर अंशाला हा वेळ जवळपास निम्मा होतो : ४५ला तीन तास, ४६ला दीड तास, ४७ला पाऊण तास. हे तापमान त्वचेचं आहे, पिशवीतल्या पाण्याचं नव्हे.

आता समजा, कासारवाडीत राहणारे एक गृहस्थ चाकणच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करतात. सेकंड शिफ्ट संपवून मध्यरात्री घरी येतात. पोटऱ्या भरून आलेल्या, त्यात जुना मधुमेह. ते गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पोटरीखाली घेतात, वर रग ओढतात आणि झोपी जातात.

टॉवेलामुळे पोटरीची त्वचा समजा ४६ अंशांवरच थांबली. एरवी वाहतं रक्त ही उष्णता पुढे नेतं. पण पायाच्या भाराने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि उष्णता साचते. रगामुळे पिशवीही लवकर निवत नाही. जागा माणूस अस्वस्थ होऊन पाय हलवतो. इथे झोप आहे, शिवाय मधुमेहाने पायाची संवेदना बोथट झालेली. दीड तास सहज उलटतो. विजेचा हीटिंग पॅड तर निवतच नाही. त्याचा थर्मोस्टॅट पॅडचं तापमान सांभाळतो, अंगाखाली दबलेल्या त्वचेचं नाही.

सकाळी लालसर किंवा पांढरट चट्टा दिसतो, कधी एखादा फोड. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होतं. पण सावकाश मुरलेल्या उष्णतेने खालची चरबीही मेलेली असू शकते. ती जखम काही दिवसांनी काळी पडून उघडते तेव्हाच तिची खोली कळते. म्हणून मधुमेही माणसाने असा चट्टा लहान असला, दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. त्यावर टूथपेस्ट किंवा हळद लावू नये, फोड फोडू नये.

पिशवी अंगाखाली न घेता अंगावर ठेवावी. पंधरा-वीस मिनिटांनी काढून त्वचा पाहावी आणि झोपण्याआधी ती अंथरुणातून बाहेर काढावी. पायांची संवेदना कमी असेल तर पायांना शेक देऊच नये, मोजे घालावेत. जाड टॉवेलाने फक्त वेळ वाढवून मिळतो, रात्रभराची हमी नाही.

पुढच्या भागात : बाळंतिणीची शेकशेगडी.