इन्व्हर्टर ओरडतोय? बॅटरी बदलण्याआधी नट तपासा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. खांब आडवे झाले, तारा तुटल्या आणि जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. तेव्हा घरोघरचे इन्व्हर्टर पहिल्या रात्रीच रिकामे झाले आणि बॅटऱ्या तशाच पडून राहिल्या. वादळ नसलं तरी पेण-रोह्याकडे पावसाळ्यात लाइट जाते. पेणच्या गणपती कारखान्यांत तर नेमका तोच रंगकामाचा हंगाम. लाइट गेली, पंखा फिरू लागला आणि पाच-दहा मिनिटांत इन्व्हर्टरने टीं-टीं सुरू केली, बॅटरीचा लाल दिवा लागला, की बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: बॅटरी गेली. पंधरा हजारांच्या आसपासचा खर्च ठरवण्याआधी तो बझर नेमकं काय सांगतोय, हे समजून घ्यायला हवं.

इन्व्हर्टरला बॅटरीच्या आत डोकावता येत नाही. तो फक्त स्वतःच्या टोकाला येणारा व्होल्टेज मोजतो. घरगुती १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरलेली, विश्रांत बॅटरी साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. चालू असताना इन्व्हर्टरच्या टोकाशी हा आकडा ११ च्या थोडा खाली आला, की बझर वाजतो आणि १०.५ च्या आसपास इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. कंपनीनुसार हे आकडे थोडे बदलतात. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये वायर असते, लग असतो, नट असतो. या वाटेत व्होल्टेज गळाला, तर बॅटरी धडधाकट असूनही इन्व्हर्टरला ती रिकामीच वाटते.

एका घराचं गणित मांडू. चार पंखे, सहा एलईडी दिवे आणि टीव्ही मिळून साधारण ४०० वॅट. इन्व्हर्टरमध्येच थोडी ऊर्जा वाया जाते, ती धरली तर बॅटरीतून जवळपास ४० अँपिअर प्रवाह निघतो. भिंतीवरच्या प्लगमधून याच कामाला दोन अँपिअरही लागत नाहीत. सगळी गोम या मोठ्या प्रवाहात आहे. टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साचली किंवा नट सैल झाला, की तिथे अडथळा तयार होतो. तो ओहमच्या फक्त पन्नासाव्या भागाइतका धरला, तरी ४० अँपिअरला ०.८ व्होल्ट तिथेच जातो. बॅटरीच्या खुंटावर ११.६ व्होल्ट असताना इन्व्हर्टरपर्यंत १०.८ पोचतात आणि बझर वाजू लागतो. प्रत्यक्षात बॅटरीत अजून निदान तिसरा हिस्सा वीज शिल्लक असते. शिवाय त्या एका नटाशी ३२ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे सोल्डरिंगच्या कांडीइतकी. वायरचं प्लास्टिक काळं पडणं, खुंटाभोवतीचं शिसं मऊ होणं यांची सुरुवात इथेच होते.

ही पूड येते कुठून? चार्जिंगच्या वेळी सेलमधून वायूचे बुडबुडे निघतात आणि आम्लाचे बारीक तुषार वर आणतात. ते तांब्याच्या लगवर बसले की तांबं खाल्लं जातं आणि निळसर-हिरवे क्षार साचतात. धरमतरच्या किंवा कुंडलिकेच्या खाडीकडची दमट हवा या कामाला हातभार लावते. म्हणून आपल्याकडे हे टर्मिनल दर दोन-तीन महिन्यांनी पाहावंच लागतं.

दोष नटाचा की बॅटरीचा, हे केवळ आवाजावरून ओळखता येत नाही. दोन पंखे बंद केल्यावर बझर थांबला, तरी दोन्ही शक्यता उरतातच, कारण जुन्या बॅटरीचा आतला अडथळाही वाढलेला असतो. खात्री साध्या मल्टीमीटरने होते. इन्व्हर्टरच्या प्लगचं बटण बंद करून घर बॅटरीवर चालवा, नेहमीचा लोड असू द्या. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. त्याचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरं त्याच खुंटाला लावलेल्या लगवर टेकवा. आकडा ०.०५ व्होल्टच्या आसपास असेल तर जोड चांगला. ०.२ च्या वर गेला तर तो जोड खराब आहे. दुसऱ्या खुंटावरही असंच मोजा. लाइट असतानाही बझर वाजत असेल, तर वायर पूर्ण सुटली आहे का किंवा बॅटरीचा फ्यूज गेला आहे का, हे आधी पाहावं.

साफ करताना घाई नको. इन्व्हर्टर बंद करा, प्लग काढा, खिडकी उघडा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीने तो पेटतो. अंगठी, बांगड्या काढून ठेवा. पान्ह्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, कारण तो दोन्ही खुंटांना एकदम लागला तर क्षणात लाल होतो. काळी वायर आधी सोडा आणि शेवटी जोडा. सेलची झाकणं घट्ट लावून खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पूड पुसा. फेस थांबला की आम्ल गेलं. तारेच्या ब्रशने लग उजळवा, हाताने फिरणार नाही इतकाच नट आवळा. शिसं मऊ असतं, जोर केला तर खुंट मोडतो. व्हॅसलीनचा पातळ थर शेवटी, बाहेरून.

जोड ठीक निघाला, तर संशय बॅटरीवर येतो. वीज देताना बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि चार्जिंगमध्ये ते परत विरघळतं. बॅटरी कित्येक दिवस रिकामी राहिली, की त्याचे मोठे स्फटिक बनतात आणि ते परत फारसे विरघळत नाहीत. निसर्ग वादळानंतर आठवडे रिकाम्या राहिलेल्या बॅटऱ्यांची क्षमता म्हणूनच कायमची घटणार होती. अशा वेळी लाइट येण्याची वाट न पाहता जनरेटरवर बॅटरी भरून घेणं हाच उपाय. बॅटरी म्हातारी झाल्याची खूण सोपी आहे: दहा-बारा तास लागणारं चार्जिंग दीड-दोन तासांत 'पूर्ण' होतं आणि तितक्याच झटपट उतरतं. पाणी भराभर संपत असेल तर एखादा सेल बिघडला असावा. हायड्रोमीटरने प्रत्येक सेल तपासा. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीचं आम्ल साधारण १.२४० घनतेचं असतं. एकच सेल ०.०५० ने मागे असेल, तर ती बॅटरी सहसा सुधारत नाही. चांगली ट्युब्युलर बॅटरी चार ते सहा वर्षं टिकते, तीही डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घातलं तर.

ओव्हरलोडचा दिवा बहुतेक इन्व्हर्टरवर वेगळा असतो. तो दिवा लागून झटकन सगळं बंद पडत असेल, तर मिक्सर, इस्त्री किंवा पाण्याचा पंप लावला होता का, ते आठवा. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या चौपट-पाचपट प्रवाह ओढतो. लोड मोठा असला की बॅटरीही हिशेबापेक्षा लवकर संपते: १५० अँपिअर-तास हा आकडा वीस तास सावकाश वीज काढण्यासाठी आहे. ६० अँपिअरने काढली तर अडीच तास नव्हे, दीड तासच मिळतो.

बॅटरीवाल्याला बोलावलं, तर त्याला आधी खुंट आणि लग यांच्यामधला व्होल्टेज लोडवर मोजून दाखवायला सांगा. तो आकडा पाहिल्याशिवाय नव्या बॅटरीचे पैसे देऊ नका. आणि बॅटरी खरंच संपली असेल, तर ती भंगारवाल्याला फोडू न देता नवी घेताना दुकानदारालाच परत द्या. त्यातलं शिसं आणि आम्ल मातीत गेलं, की विहिरीच्या पाण्यात उतरतं.