राउटरचा अँटेना : ताकद नव्हे, दिशा
जादा गेनचा अँटेना राउटरची शक्ती वाढवत नाही. आहे तीच शक्ती वेगळ्या दिशेने वाटतो. उभ्या अँटेनाभोवती लहरी आडव्या पसरतात, थेट वर-खाली फारशा जात नाहीत. 5 डीबीआयऐवजी 9 डीबीआयचा अँटेना लावला की हा पसारा आणखी चपटा होतो. त्याच मजल्यावरची लांबची खोली सुधारते, पण राउटरच्या बरोबर वरच्या खोलीत सिग्नल उलट घटू शकतो. म्हणून दुमजली घरात खरेदीआधी एक अँटेना आडवा करावा आणि वरच्या खोलीत फोनवर डीबीएमचा आकडा पाहावा. तो -75 वरून -68 झाला, तर काम फुकटात झाले. बदलायचाच असेल, तर अँटेना फिरवून निघतो का ते पाहावे. अनेक घरगुती राउटरांत तो पक्काच बसवलेला असतो.