८२ टक्के पाहुणे समाधानी, पण किती खात्रीने?

महाबळेश्वरातलं चाळीस खोल्यांचं एक हॉटेल उदाहरणादाखल घेऊ. एप्रिलमध्ये तिथल्या रिसेप्शनवर भरून आलेल्या ५० फीडबॅक फॉर्मपैकी ३६ फॉर्मवर ‘समाधानी’ची खूण होती, म्हणजे ७२ टक्के. मे महिन्यात ५० पैकी ४१, म्हणजे ८२ टक्के. मधल्या काळात किचनमध्ये नवा शेफ आला होता, त्यामुळे वाढीचं श्रेय त्याच्याकडे गेलं आणि त्याच्या पगारवाढीचा विषय निघाला. शेफ चांगला असेलही. पण या शंभर फॉर्मांवरून तसं म्हणता येतं का?

मे महिन्यात हॉटेलात ४०० पार्ट्या उतरल्या असं धरू. त्यातल्या पन्नासांचं मत आपल्या हाती आहे. हे पन्नास अगदी चिठ्ठ्या टाकून निवडले असते, तरी दुसऱ्यांदा चिठ्ठ्या टाकल्यावर वेगळेच पन्नास निघाले असते आणि ८२ च्या जागी ७६ किंवा ८८ आले असते. निवडीतल्या या नशिबामुळे आकडा किती इकडेतिकडे सरकू शकतो, त्याचं माप म्हणजे मार्जिन ऑफ एरर. ते काढण्याचं सूत्र असं:

±1.96 × √(p × (1 − p) / n)

यात n म्हणजे फॉर्मची संख्या, इथे ५०, आणि p म्हणजे समाधानी पाहुण्यांचं प्रमाण, इथे ०.८२. १.९६ हा आकडा ९५ टक्के खात्रीसाठी घेतात. गणित केलं की मार्जिन निघतं जवळपास १०.६ टक्के. म्हणजे मेचा आकडा नुसता ८२ नाही, तर ७१ ते ९३ च्या दरम्यान कुठेतरी. हा पल्ला म्हणजेच कॉन्फिडन्स इंटरव्हल.

या ९५ टक्क्यांचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. ९५ टक्के पाहुण्यांचं मत या पल्ल्यात बसतं, असा तो अर्थ नाही. याच रीतीने शंभर वेळा पाहुणे निवडले आणि शंभर पल्ले काढले, तर साधारण ९५ पल्ल्यांमध्ये खरं प्रमाण सापडेल आणि पाचेक पल्ले ते हुकवतील. खात्री असते ती पद्धतीची. आपल्या हातातला पल्ला त्या ९५ मधला की पाचांमधला, हे कळायला मार्ग नाही. ही मांडणी १९३०च्या दशकात येर्झी नेमन यांनी केली. त्यांच्याकडे लंडनला शिकलेले पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. नमुना निवडण्याच्या शास्त्रात पुढे त्यांनी जागतिक दर्जाचं काम केलं, आणि भारतात पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज नजरेने न बांधता चिठ्ठीने निवडलेल्या शेतांत प्रत्यक्ष कापणी करून काढण्याची पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

आता शेफचा प्रश्न. एप्रिलच्या ७२ चं मार्जिन येतं १२.४. दोन महिन्यांतल्या फरकाचं मार्जिन काढताना दोन्ही मार्जिनांचे वर्ग करून बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. ते येतं १६ च्या आसपास. म्हणजे वाढ झाली १० टक्क्यांची, अधिकउणे १६. खरा बदल २६ टक्क्यांच्या वाढीपासून ६ टक्क्यांच्या घटीपर्यंत काहीही असू शकतो. शेफमुळे फरक पडला असेल किंवा नसेलही. एवढ्या फॉर्मांत त्याचा निवाडा होत नाही.

मग फॉर्म हवेत तरी किती? सूत्रात n वर्गमूळाच्या आत आहे, त्यामुळे मार्जिन निम्मं करायचं तर फॉर्म चौपट लागतात. दोन्ही महिन्यांत २००-२०० फॉर्म असते आणि टक्केवारी हीच आली असती, तर फरक १० अधिकउणे ८ झाला असता. मग वाढ झाली असं म्हणायला आधार होता.

इथे आणखी एक गोष्ट लोकांना पटायला जड जाते. हॉटेल दसपट मोठं असेल तर फॉर्मही दसपट लागतील, असं वाटतं. प्रत्यक्षात ५ टक्क्यांच्या मार्जिनसाठी ४०० पार्ट्यांमधून १९६ लागतात, ४,००० मधून ३५० आणि कितीही मोठ्या संख्येतून ३८५ च्या आसपास. लहान हॉटेलला मिळणारी १९६ ची सवलत घेतानाही जपायला हवं. फक्त मे महिन्यातल्या ४०० पार्ट्यांचं मत जाणून घ्यायचं असेल तर ती खुशाल घ्यावी. शेफ ठेवायचा की नाही हे ठरवायचं असेल, तर प्रश्न पुढे येणाऱ्या पाहुण्यांचाही असतो, आणि तिथे सवलत न घेता मूळ सूत्रच वापरावं.

आतापर्यंतचं सगळं गणित पाहुणे चिठ्ठीने निवडले आहेत या गृहीतकावर उभं आहे. रिसेप्शनवर तसं घडत नाही. हसतमुख पाहुण्यापुढे फॉर्म सरकवला जातो. बिलावरून वाद घालून निघालेल्याला तो कोण देणार? पहाटे गाडी गाठायला निघालेली पार्टी फॉर्म न भरताच जाते. लग्नाला आलेल्या एकाच कुटुंबाच्या सहा खोल्यांतून सहा फॉर्म येतात, पण ते सहा जण जेवले एकाच मांडवात. त्यांची मतं सहा वेगळी मतं म्हणून मोजणं चूक आहे.

फॉर्म न भरलेल्या ३५० पार्ट्या सगळ्या नाराज होत्या असं समजा. मग समाधानी ठरतात ४०० पैकी ४१, म्हणजे १० टक्के. त्या सगळ्या खूश होत्या असं समजलं तर ९८ टक्के. खरं उत्तर या दोन टोकांना नसणार हे उघड आहे, पण फॉर्ममधल्या आकड्यांवरून ते नेमकं कुठे आहे हे सांगता येत नाही. ७१ ते ९३ या पल्ल्यात ही अनिश्चितता अजिबात धरलेली नाही. मार्जिन फक्त निवडीतलं नशीब मोजतं; कोणाला विचारलंच गेलं नाही, हे त्याला दिसत नाही.

अशी गफलत झाली आहे का, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. फॉर्म आणि हॉटेलचं रजिस्टर शेजारी ठेवायचं. रजिस्टरात निम्म्या पार्ट्या शनिवार-रविवारच्या असतील आणि फॉर्मांत त्या जेमतेम पाचवा हिस्सा असतील, तर गर्दीच्या दिवशी रिसेप्शनला फॉर्म द्यायला सवड झालेली नाही. आणि तक्रारी नेमक्या त्याच दिवशी जास्त असण्याची शक्यता असते.

यावर उपाय म्हणून फॉर्मांचा ढीग वाढवण्यापेक्षा निवड सुधारावी. एक ते चारमधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा, रजिस्टरातल्या त्या क्रमांकापासून दर चौथी पार्टी निवडायची. ४०० मधून १०० मिळतील. चेकआउटनंतर दोन दिवसांनी त्यांना रिसेप्शनबाहेरच्या कोणीतरी फोन करावा, उचलला नाही तर पुन्हा करावा. समजा ८० जणांनी उत्तर दिलं आणि त्यातले ५८ समाधानी निघाले. टक्केवारी ७२.५, मार्जिन १० च्या आसपास. उरलेले वीस सगळे नाराज धरले तरी निवडलेल्या शंभरातले ५८ समाधानी, सगळे खूश धरले तर ७८. आधीची १० आणि ९८ ही टोकं इथे ५८ आणि ७८ वर आली, आणि तीही उत्तरं फक्त तीसने वाढवून.