अंगाला बसेल ते (भाग 6) : उंच आणि सडपातळ माणसाचं माप

सहा फुटांच्या वर उंची आणि छाती जेमतेम छत्तीस, अशा माणसाला तयार शर्ट घेताना दोनच प्रकार मिळतात. एक अंगाला नीट बसतो, पण बाही मनगटाच्या वर राहते. दुसऱ्याची बाही पुरते, पण तो पोटापाशी फुगतो. लातूरला गंजगोलाईत फिरा नाहीतर नांदेडला वजिराबादेत, अनुभव सारखाच येतो. यात दुकानदाराचा दोष नसतो. शर्टावरचा एकच आकडा लांबी आणि घेर या दोन्ही गोष्टी सांगायचा प्रयत्न करतो, अडचण तिथे आहे.

मागच्या भागात आपण पाहिलं की 39, 40, 42 हे आकडे मुळात कॉलरचे, सेंटिमीटरमधले. कंपनी एक मधलं माप घेऊन साचा तयार करते आणि तोच साचा वाढवत नेते. एक नंबर चढला की घेर साधारण दोन इंचांनी वाढतो, बाही मात्र अर्धा इंच वाढली तरी पुष्कळ. ज्याची उंची आणि जाडी एकाच प्रमाणात वाढली आहे, त्याला हा हिशेब चालतो. नुसत्या उंचीने वाढलेल्याला तो चालत नाही.

एक माप घेऊन पाहू. तरुणाची उंची 6 फूट 2 इंच, छाती 36, कंबर 30, खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत बाही साडेसव्वीस इंच. त्याच्या छातीला बसणाऱ्या तयार शर्टाची बाही साधारण 25 इंच असते, म्हणजे दीड इंच कमी. ती भरून काढायला तीन नंबर वर जावं लागेल आणि त्याबरोबर सहा इंच जास्तीचा घेर अंगावर येईल. शिवाय मोठ्या शर्टाचा खांदा हाडावरून खाली घसरतो. बाही पुरल्यासारखी दिसते ती काही अंशी या घसरलेल्या खांद्यामुळेच. असा शर्ट आल्टर करायला दिला, तर टेलर बाजूच्या शिवणी आत घेतो, पाठीत दोन डार्ट मारतो आणि पोट जागेवर येतं. पण खांदा आणि मुंढा मोठेच राहतात. ते कमी करायचे तर बाही उसवून पुन्हा कापावी लागते, आणि त्या मजुरीत नव्या शर्टाच्या शिलाईचा बराचसा खर्च निघतो.

मुंढ्याकडे फार कमी गिऱ्हाइकं लक्ष देतात, आणि माझ्या मते उंच माणसाच्या शर्टाचं सगळं तिथेच ठरतं. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडली जाते ती गोलाई. ती काखेच्या बरीच खाली असेल तर हात वर करताच बाही सगळा शर्ट ओढून वर नेते. एसटीत वरचा दांडा धरल्यावर कफ कोपराकडे सरकतो आणि शर्ट पँटीतून निघतो, तो या ओढीमुळे. माणसाला वाटतं बाही कमी पडली, म्हणून पुढच्या वेळी तो आणखी मोठा शर्ट घेतो. त्याचा मुंढा आणखी खाली असतो आणि ओढ वाढते. आपल्याकडच्या जुन्या सदऱ्याला, बाराबंदीला काखेत चौबगला लावत. त्या चौकोनी तुकड्यामुळे हात मोकळा उचलता यायचा आणि अंगातलं कापड जागेवर राहायचं. आजच्या शर्टात तेच काम वर घेतलेला मुंढा करतो.

दुकानात तपासायची रीत सोपी आहे. सगळी बटणं लावा, शर्ट आत खोचा आणि दोन्ही हात डोक्याच्या वर न्या. कफ एखाद इंच सरकला तर हरकत नाही. तीन-चार इंच सरकून शर्ट बाहेर आला, तर तो ठेवून द्या. ‘स्लिम फिट’ लिहिलेल्या शर्टात घेर कमी असतो आणि बहुधा मुंढाही वर असतो, म्हणून आधी तो घालून पाहा. त्यातल्याच एका नंबरने मोठ्या शर्टाची बाही पुरत असेल, तर बाजूच्या शिवणी घेऊन काम भागतं. घेर नंतर कमी करता येतो, पण कफ लावलेली बाही वाढवता येत नाही.

टेलरकडे शिवताना वरच्या तरुणासाठी असं सांगावं: तयार छाती 40 ते 41, मुंढा काखेखाली दोन बोटं, शर्टाची उंची 32, बाही कोपर थोडा वाकवून मोजलेली आणि वर अर्धा इंच सैल. ही सैल बाही हातावर उतरू नये म्हणून कफ मनगटाला नीट धरणारा हवा. हात वाकला की तो अर्धा इंच कामी येतो.

पँटीत गोंधळ वेगळा होतो. टेलर ‘उंची’ घेतो ती पट्ट्यापासून खालपर्यंत, पण पँट कमरेवर घालायची की खाली, हे कुणी विचारत नाही. म्हणून जांघेच्या शिवणीपासून टाचेपर्यंतची आतली लांबी वेगळी मोजून घ्या. आपल्या तरुणाची ती 34 इंच आहे. वर पट्ट्यापर्यंत 10 धरले की उंची 44 होते. जीन्सच्या लेबलवर दोन आकडे असतात, तिथे 30 बाय 34 शोधा. लांबीसाठी 34 कंबरेची पँट घेऊन आत घेऊ नका. कंबर दोन इंचांपेक्षा जास्त घेतली की मागचे खिसे एकमेकांकडे सरकतात आणि मांडीचा फुगा तसाच राहतो. फॉर्मल पँट मात्र उलटी करून खालची दुमड टेपने मोजा. दीड-दोन इंच कापड आत असेल तर लांबी वाढवता येते. जीन्सची दुमड उघडली तर जुन्या घडीची पांढरी रेघ जात नाही.

आपल्याकडे लग्नकार्यात आहेर म्हणून पँट-शर्टाचं कापड मिळतं. 58 इंच पन्ह्याचा पँटपीस बहुतेक 1.20 मीटरचा असतो, म्हणजे 47 इंचांहून किंचित जास्त. उंची 44, खालच्या दुमडीला अडीच, वरच्या शिवणीला एक, मिळून साडेसत्तेचाळीस होतात. कापड तिथेच संपतं आणि कारागीर दुमड कमी करून वेळ मारून नेतो. पुढे पँट आटली तर सोडायला आत काहीच उरत नाही. उंच माणसासाठी 1.30 मीटर घ्या. त्याच पन्ह्याचा 1.60 मीटरचा शर्टपीस मात्र सडपातळ अंगाला पुरतो. पुढचा-मागचा भाग शेजारी शेजारी बसतो, त्याला 34 इंच आणि खाली बाह्यांना 25 इंच लागतात. चौकडीचं कापड असेल तर रेघा जुळवायला 1.80 घ्यावं.

निफ्टने ‘इंडिया-साइज’ हा भारतीयांच्या मापांचा प्रकल्प 2018 मध्ये जाहीर केला. सहा शहरांत 25,000 माणसं मोजायची योजना होती आणि त्यात आपल्या जवळची शहरं मुंबई आणि हैदराबाद. तसा तक्ता बाजारात आला तरी लांबी आणि घेर वेगळे सांगणारे दोन आकडे लेबलवर येईपर्यंत उंच, सडपातळ माणसाला टेप सोबत ठेवावीच लागेल.

कापड सुती असेल तर टेलरकडे देण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. तीन टक्के आटलं तरी साडेसव्वीस इंचांच्या बाहीतला पाऊण इंच जातो. पुढच्या आठवड्यात ठेंगण्या, रुंद खांद्याच्या माणसाचं माप पाहू.